रुग्णालयाची बॅग: आईची वेगळी, बाळाची वेगळी, सोबतच्या व्यक्तीची वेगळी

प्रश्न: माझे पहिलेच बाळंतपण आहे आणि सध्या ३४ वा आठवडा चालू आहे. रुग्णालयात न्यायच्या बॅगेत माझ्यासाठी, बाळासाठी आणि सोबत येणाऱ्या नवऱ्यासाठी काय काय आणि किती घ्यावे? मिळालेल्या याद्या इतक्या लांब आहेत की एवढे सगळे खरेच लागते का, तेच कळत नाही.

उत्तर:

प्रसूती कक्षात आणि बाळंतिणींच्या कक्षात परिचारिका म्हणून मी अनेक वर्षे काम केले आहे. सामान कमी पडल्यामुळे झालेली धावपळ मी पाहिली आहे, पण सामान असूनही ते वेळेवर न सापडल्यामुळे झालेली धावपळ त्याहून कितीतरी अधिक पाहिली आहे. बॅग भरते आई. मात्र ती उघडण्याची वेळ येते तेव्हा आई कळांमध्ये असते, शस्त्रक्रियेच्या टेबलावर असते किंवा नुकतीच बाळंत होऊन पडून असते. मग आतून परिचारिका विचारते, "बाळाचे कपडे द्या," आणि बाहेर उभा असलेला माणूस एका मोठ्या बॅगेतून एकेक वस्तू बाकड्यावर काढून ठेवू लागतो. म्हणून काय घ्यावे याच्या आधी सामान कसे वाटावे हे ठरवावे, आणि बॅग भरताना ती उघडणाऱ्या माणसालाही शेजारी बसवावे. तुमच्या बाबतीत तो माणूस म्हणजे तुमचे यजमान.

तीन बॅगा वेगळ्या ठेवण्याचे कारण असे की त्या तीन वेगळ्या ठिकाणी जातात. आईची बॅग प्रसूती कक्षात आणि पुढे खाटेजवळ जाते. बाळाच्या बॅगेतील एक लहान पुडके जन्माच्या वेळी आत मागितले जाते आणि उरलेली बॅग नंतर लागते. सोबतच्या व्यक्तीची बॅग कायम तिच्या खांद्यावरच असायला हवी, कारण तिला कधी कक्षात, कधी बाहेरच्या बाकावर, तर कधी औषधांच्या दुकानात जावे लागते. आई एका मजल्यावर आणि बाळ दुसऱ्या मजल्यावर अशी वेळ आली तर एकत्र भरलेल्या सामानाचा कोणालाच उपयोग होत नाही.

भरण्याआधी रुग्णालयाला तीन गोष्टी विचारून घ्या. आईचा गाऊन, पॅड आणि बाळाची दुपटी रुग्णालय देते की घरून आणायची असतात? जन्मानंतर लगेच घरचे कपडे घालू देतात का? आणि रात्री सोबत किती जणांना, कोणाला थांबता येते? या उत्तरांवर सामान निम्म्यावर येऊ शकते. सर्वसाधारणपणे ३६ वा आठवडा लागण्यापूर्वी बॅगा तयार असाव्यात. जुळी बाळे, वाढलेला रक्तदाब, खाली असलेली वार किंवा आधीचे बाळंतपण दिवस पूर्ण होण्यापूर्वी झालेले असेल तर ३२ व्या आठवड्यापर्यंत भरून ठेवणे योग्य ठरते.

कागदपत्रांची फाइल

ही कोणत्याच बॅगेत जात नाही. ती हातात राहते. तिच्यात गरोदरपणातील तपासण्यांचे कार्ड, सर्व सोनोग्राफींचे अहवाल, रक्तगट आणि हिमोग्लोबिन, एचआयव्ही व हिपॅटायटिस बी या तपासण्यांचे अहवाल, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, ओळखपत्र आणि विमा असल्यास त्याची कागदपत्रे असावीत. दोन अहवाल मात्र सर्वांत वर ठेवा. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर आईला अँटी-डी हे इंजेक्शन बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यावे लागते. आईला हिपॅटायटिस बी असेल, तर बाळाला त्या आजाराची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन पहिल्या १२ तासांत मिळायला हवे. हे अहवाल घरी राहिले तर तपासणी पुन्हा करावी लागते आणि त्यात हे मोजके तास खर्ची पडतात. सर्व कागदांचे फोटो यजमानांच्या मोबाइलमध्येही असू द्या. कोणत्याही औषधाची ॲलर्जी असल्यास ती फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहा.

आईची बॅग

आईच्या सामानाचे दोन भाग करा: कळा चालू असताना लागणारे आणि बाळंतपणानंतर लागणारे. पहिला भाग अगदी थोडा असतो. एक जुना, सैल, पुढून उघडणारा गाऊन घ्यावा. तो डागाळला तर वाईट वाटणार नाही असा असावा आणि त्याच्या बाह्या रुंद असाव्यात, कारण हातात सलाइनची सुई असताना घट्ट बाही निघत नाही. केस बांधायला दोन साधे रबर आणि ओठांना लावायचे मलम ठेवा. कळांमध्ये तोंडाने श्वास घेतल्यामुळे ओठ फार कोरडे पडतात आणि ही लहानशी डबी अपेक्षेपेक्षा जास्त वेळा मागितली जाते. पाण्याची बाटली नळीची किंवा चोखून पिता येईल अशी असावी, म्हणजे कुशीवर असतानाही पाणी सांडत नाही. मात्र कधी प्यायचे आणि कधी थांबायचे हे तेथील परिचारिकेला विचारूनच ठरवा. चपला मागे पट्टा नसलेल्या, न घसरणाऱ्या आणि नेहमीपेक्षा मोठ्या मापाच्या घ्या, कारण पाय सुजलेले असतात आणि वाकून पट्टा लावता येत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर चष्मा आणि त्याची डबी विसरू नका, कारण शस्त्रक्रियेआधी लेन्स काढावी लागते. नखांचा रंग घरीच काढून या. बोटाला लावायच्या उपकरणावर रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजले जाते आणि गडद रंगामुळे त्यात चूक होऊ शकते. दागिने आणि मौल्यवान वस्तू घरीच ठेवा.

दुसऱ्या भागात सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे पॅड, आणि नेमके तेच बहुतेक जणी कमी घेतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव पाळीपेक्षा बराच जास्त असतो आणि शस्त्रक्रिया झाली तरी तो होतोच. वार जिथे चिकटलेली असते ती गर्भाशयातील जागा भरून येईपर्यंत तो कमी होत होत काही आठवडे चालतो. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी पॅड बदलावे लागते, म्हणून दोन दिवसांच्या मुक्कामासाठी लांब, जाड, कापसासारख्या पृष्ठभागाची २० ते २४ पॅड घ्यावीत. नेहमीची पातळ पॅड या कामाला पुरत नाहीत. टॅम्पॉन किंवा मासिक पाळीचा कप या काळात वापरायचा नसतो, कारण आतील जखम भरलेली नसते आणि संसर्गाचा धोका असतो. पॅड केवळ स्वच्छतेसाठी नसते, रक्तस्राव मोजायचे ते साधे साधनही असते. एका तासात एक पॅड पूर्ण भिजत असेल किंवा लिंबापेक्षा मोठी गाठ पडली असेल, तर ते पॅड फेकून न देता लगेच परिचारिकेला दाखवावे. संकोचाने पॅड गुंडाळून टाकून दिले जाते आणि आम्हाला अंदाजावर अवलंबून राहावे लागते, हे वारंवार घडते.

अंतर्वस्त्रे सुती, गडद रंगाची, नेहमीपेक्षा एक-दोन माप मोठी आणि पोटावर उंच येणारी अशी सहा ते आठ घ्या. शस्त्रक्रियेचा छेद ओटीपोटाच्या अगदी खालच्या भागात, आडवा असतो, आणि नेहमीच्या कमी उंचीच्या अंतर्वस्त्राचे इलॅस्टिक नेमके त्यावर येते. साधे बाळंतपण होईल असे ठरलेले असले तरी खरेदी शस्त्रक्रिया गृहीत धरूनच करा, कारण हे कपडे दोन्ही प्रसंगी चालतात. त्याच कारणाने कमरेला नाडी किंवा घट्ट पट्टा असलेले कपडे घेऊ नका. पुढून उघडणारे गाऊन साध्या बाळंतपणासाठी तीन आणि शस्त्रक्रियेसाठी पाच पुरतात. पाजण्यासाठीच्या ब्रा दोनच घ्या आणि त्यांना आत कडक तार नसावी. दूध भरून येणे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी होते आणि तेव्हा माप बदलते, म्हणून आधी अनेक ब्रा घेऊन ठेवण्यात अर्थ नसतो.

त्याशिवाय दात घासण्याचे साहित्य, साबण, कंगवा, एक गडद टॉवेल, एक पातळ शाल आणि पायमोजे एवढे पुरेसे आहे. थायरॉइड, रक्तदाब, मधुमेह किंवा दम्याची रोजची औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह घ्या, मात्र दाखल झाल्यावर ती परिचारिकेला दाखवल्याशिवाय स्वतःहून घेऊ नका. रुग्णालय तेच औषध देत असेल तर मात्रा दुप्पट होते.

बाळाची बॅग

ही सर्वांत लहान असायला हवी, आणि प्रत्यक्षात ती सर्वांत मोठी असते. घरातील प्रत्येकाने काही ना काही आणलेले असते आणि ते सगळेच न्यावेसे वाटते, हे समजण्यासारखे आहे. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाला ऊब, आईचे दूध आणि कोरडा लंगोट यापलीकडे फार थोडे लागते.

प्रथम जन्माच्या वेळचे पुडके तयार करा. एका पारदर्शक, चेन असलेल्या पिशवीत दोन मऊ सुती टॉवेल किंवा जाड दुपटी, एक टोपडे, एक पुढून बांधायचे झबले, एक लंगोट किंवा डायपर आणि पायमोज्यांची एक जोडी ठेवा आणि बाहेर "जन्मानंतर लगेच" असे लिहा. टॉवेल दोन का, हे यजमानांनाही समजावून सांगा. बाळ ओले जन्मते आणि अंगावरचे पाणी सुकताना शरीराची उष्णता झपाट्याने निघून जाते. पहिल्या टॉवेलने बाळाला पुसतात आणि तो ओला टॉवेल बाजूला काढून बाळाला आईच्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असे ठेवून दुसऱ्या कोरड्या टॉवेलने दोघांना झाकतात. एकच टॉवेल असला तर बाळ ओल्या कापडात गुंडाळलेले राहते. आई आणि बाळ दोघेही ठीक असतील तर कपडे घालण्याची घाई नसते. छातीवरच बाळ उबदार राहते आणि पहिल्या तासात दूध पिऊ लागते. म्हणजे या पुडक्यातील झबले काही वेळ तसेच राहिले तर त्यात काही चुकले असे समजू नका.

उरलेल्या बॅगेत पुढून बांधायची किंवा बटणांची सहा झबली, चार दुपटी, दोन टोपडी, पायमोज्यांच्या तीन जोड्या आणि हवामानाप्रमाणे एक उबदार पांघरूण घ्या. कपडे डोक्यातून घालायचे नकोत, कारण नवजात बाळाची मान धरून ठेवत कपडा डोक्यातून काढणे अनुभवी हातांनाही जड जाते. गळ्याशी नाडी, मोठी बटणे किंवा सैल धागे नसावेत. सर्व नवीन कपडे सौम्य साबणाने धुऊन, उन्हात वाळवून घ्या. मोठ्या माणसाला जेवढे कपडे पुरेसे वाटतात त्यापेक्षा बाळाला एक थर अधिक, हे माप बहुतेक वेळा बरोबर ठरते. खात्री करायची तर बाळाच्या पोटाला आणि तळपायांना हात लावा: दोन्ही उबदार असतील तर ठीक, पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे आणि त्याला छातीशी घेऊन पांघरूण वाढवावे, दोन्ही गार असतील तर लगेच परिचारिकेला बोलवावे. उलट मान घामेजलेली आणि चेहरा लालसर असेल तर एक थर काढावा.

लंगोटांची संख्या ठरवताना बाळाची शी-शू कशी वाढते ते लक्षात घ्या. पहिल्या २४ तासांत एकदा शू झाली तरी पुरेसे असते, दुसऱ्या दिवशी दोनदा, आणि चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा त्याहून अधिक वेळा होऊ लागते. पहिल्या दोन-तीन दिवसांची शी काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते, आणि ती पुसताना कपडा तर जातोच, शेजारचे दुपटेही जाते. म्हणून दोन दिवसांसाठी २० ते २४ कापडी लंगोट किंवा तेवढेच नवजात मापाचे डायपर ठेवा. डायपरच्या पुड्यावर वजनाची मर्यादा छापलेली असते. सोनोग्राफीत बाळ लहान दिसत असेल तर सर्वांत लहान माप घ्या. डायपर किंवा लंगोट नाळेच्या खाली दुमडून बांधायचा असतो, म्हणजे नाळ कोरडी राहते. पुसण्यासाठी कापसाचा एक गठ्ठा आणि कोमट पाण्यासाठी झाकणाची लहान वाटी पुरते. सुगंधी ओल्या रुमालांची गरज नाही.

आता न न्यायच्या वस्तू, कारण बॅग हलकी होते ती येथे. बाळाचा साबण, शाम्पू, तेल आणि आंघोळीचे साहित्य नेऊ नका. पहिली आंघोळ जन्मानंतर किमान २४ तास तरी घालू नये अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि ती घरी गेल्यावरही घालता येते. पावडर नको, कारण तिचे कण श्वासातून आत जातात. नाळेला लावायला घरून काहीही आणू नका. मध किंवा दुसरे काही चाटवायचे नसते. मधातून होऊ शकणारा बोट्युलिझम हा आजार तान्ह्या बाळासाठी गंभीर असतो. दुधाची बाटली, चोखणी आणि डब्याचे दूध डॉक्टरांनी आधीच तसे सांगितले नसेल तर घरीच राहू द्या. रात्री तीन वाजता बाळ रडत असताना बाटली हाताशी असली की ती वापरली जाते, आणि स्तनपानाचा जम बसण्याआधीच तो मोडतो. बाळाची उशी आणि मऊ खेळणीही नकोत. बाळाला सपाट, घट्ट गादीवर, उताणे झोपवायचे असते. हातमोज्यांबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे: नखे लागू नयेत म्हणून ते घातले जातात, पण भूक लागल्याची पहिली खूण म्हणजे बाळ हात तोंडाकडे नेते, आणि मोज्यात झाकलेल्या हातांमुळे ती खूण लक्षात येत नाही. एक जोडी ठेवायची तर ठेवा, दिवसभर घालून ठेवू नका.

सोबतच्या व्यक्तीची बॅग

बहुतेक याद्यांमध्ये हिच्यासाठी दोन ओळी असतात. पहिल्या बाळंतपणात नियमित कळा सुरू झाल्यानंतरही ८ ते १२ तास सहज लागतात, त्याआधीचा अनियमित कळांचा काळ वेगळाच. भुकेलेला, झोप न झालेला आणि मोबाइल बंद पडलेला माणूस कळांमध्ये असलेल्या बाईला आधार देऊ शकत नाही, म्हणून पूर्ण २४ तास बाहेर काढता येतील एवढी तयारी त्यांनी स्वतःसाठी करावी.

कपड्यांचे दोन जोड, दात घासण्याचे साहित्य, एक पातळ चादर आणि वातानुकूलित कक्षासाठी स्वेटर घ्यावा. खाणे उग्र वासाचे नसावे. कळांमध्ये अनेकींना वासानेच उलटी होते. रक्तदाब किंवा मधुमेहाची स्वतःची औषधे ते हमखास विसरतात, म्हणून ती दोन दिवसांची आताच बॅगेत ठेवायला सांगा. लांब तारेचा चार्जर आणि भरलेली पॉवर बँक घ्यावी, कारण खाटेजवळचा विजेचा प्लग हाताशी असतोच असे नाही. महत्त्वाचे फोन क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत. थोडी सुटी रोकड आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवावीत. अत्तर किंवा तीव्र सुगंध लावून येऊ नये.

एक लहान वही आणि पेन ही या बॅगेतील सर्वांत उपयोगी वस्तू आहे असे मला वाटते. पाण्याची पिशवी किती वाजता फुटली आणि पाण्याचा रंग कसा होता, बाळ किती वाजता जन्मले, वजन किती भरले, कधी पाजले, कधी शी-शू झाली, डॉक्टरांना काय विचारायचे आहे, हे सारे तिच्यात लिहावे. २४ तासांत बाळाला ८ ते १२ वेळा पाजायचे असते आणि थकलेल्या आईला मागची वेळ आठवत नाही. डॉक्टर फेरीवर येतात तेव्हा ही वही पाहून पाच मिनिटांचे काम एका मिनिटात होते.

सोबतीला दुसरी एक व्यक्तीही आधीच ठरवून ठेवा. सर्दी, ताप, जुलाब किंवा ओठांवर हर्पिसचे फोड असलेल्या माणसाने नवजात बाळाजवळ येऊ नये. ओठांवरचे हे साधे वाटणारे फोड तान्ह्या बाळाला जिवावरचे ठरू शकतात. यजमान आजारी पडले तर बदली येणाऱ्या व्यक्तीला बॅगा कुठे ठेवल्या आहेत हे ठाऊक असावे.

एका दाम्पत्याच्या सामानाचे काय झाले

३७ आठवडे पूर्ण झालेले एक दाम्पत्य रात्री उशिरा आमच्याकडे आले. पाण्याची पिशवी घरीच फुटली होती. निघताना बाईने पॅड लावले होते आणि गाडीच्या सीटवर प्लॅस्टिक व त्यावर जुना टॉवेल अंथरला होता. या दोन वस्तू दाराजवळ वेगळ्या ठेवलेल्या होत्या. पाणी स्वच्छ होते आणि वेळ नवऱ्याने वहीत लिहिली होती. पाणी जाऊन किती तास झाले यावर संसर्गाची जोखीम आणि पुढचे उपचार अवलंबून असतात, त्यामुळे आमचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि त्याचे उत्तर अंदाजावर न राहता नेमके मिळाले.

दिवसभर कळा चालल्या, पण बाळाच्या हृदयाचे ठोके खाली जाऊ लागल्याने संध्याकाळी तातडीने शस्त्रक्रिया ठरली. त्या घाईत नवऱ्याला काय विचारले गेले? फाइल, चष्म्याची डबी आणि बाळाचे पुडके. तिन्ही वस्तू वेगवेगळ्या ठिकाणी, पण ठरलेल्या ठिकाणी होत्या. आईची मोठी बॅग त्या वेळी कोणी उघडलीही नाही.

बाळाचे वजन २.३ किलो भरले. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या अंगात चरबी कमी असल्याने ते लवकर गार पडते आणि त्याच्या रक्तातील साखरही खाली येऊ शकते, म्हणून त्याला काही तास नवजात कक्षात ठेवले. आता आई एका ठिकाणी आणि बाळ दुसऱ्या ठिकाणी होते. नवरा बाळाची बॅग घेऊन बाळाकडे गेला. आईची बॅग तिच्या बहिणीकडे राहिली. टोपडे, पायमोजे आणि कोरडी दुपटी पुन्हा पुन्हा लागली. झबले मात्र मोठ्या मापाचे असल्याने खांद्यावरून घसरत होते आणि लहान मापाचे दोन जोड दुसऱ्या दिवशी घरून मागवावे लागले. आईने हाताने चीक काढून दिला. तो सुरुवातीला चमच्याच्या तळाशी मावेल एवढाच येतो आणि तेवढाच पुरेसा असतो. त्यासाठी निर्जंतुक वाटी रुग्णालयाने दिली, घरून आणलेला दूध काढण्याचा पंप खोक्यातच राहिला. पहिल्या दोन दिवसांत दाट चीक हाताने अधिक सहज निघतो, म्हणून पंप बॅगेत नसला तरी अडत नाही.

मुक्काम दोन दिवसांऐवजी चार दिवसांचा झाला. पॅड तिसऱ्या दिवशी संपत आली आणि उंच अंतर्वस्त्रेच उपयोगी पडली. घरी एका खोक्यात जास्तीची पॅड, दोन गाऊन, लंगोट आणि बाळाचे कपडे तयार ठेवून त्यावर नाव लिहिलेले होते, त्यामुळे फोनवरून कपाटांची शोधाशोध सांगावी लागली नाही.

असे घरी राहणारे खोके तुम्हीही भरा. बॅग हलकी ठेवूनही निश्चिंत राहण्याचा हाच मार्ग आहे. त्यात आईचे दोन गाऊन, २० पॅड, २० लंगोट, बाळाच्या लहान मापाच्या कपड्यांचे दोन जोड आणि घरी जायच्या दिवशीचे कपडे असू द्या. घरी जातानाचे आईचे कपडे सहाव्या-सातव्या महिन्यात होत होते त्या मापाचे काढा, कारण पोट लगेच पूर्ववत होत नाही. गाडीने जाणार असाल तर बाळाचे आसन आधीच, मागे तोंड करून बसवून पाहा आणि पट्टा कसा आवळायचा ते यजमानांनी एकदा करून बघावे. जाड पांघरूण पट्ट्याच्या आत घालू नका, कारण ते दबले की पट्टा सैल पडतो. बाळाला पातळ कपड्यांवर पट्टा लावून वरून दुपटे पांघरावे.